बुडाशी काळे टमाटर

नत्थूजींनी चौथ्यांदा फवारा मारायला पंप पाठीवर घेतला, तेव्हा समीक्षा गच्चीवर आली. ती त्यांची सून. देवळीच्या कृषी केंद्रात कामाला होती, पण सासऱ्यांच्या टमाटरांबद्दल तोंड उघडायची तिची हिंमत आजवर झाली नव्हती. चाळीस वर्षं वावरात टमाटर पिकवलेला माणूस. बायको गेल्यावर मुलानं, सचिननं, त्यांना बोरगाव मेघ्याला आणलं, आणि त्यांनी रंगाच्या रिकाम्या बादल्यांना भोकं पाडून गच्चीवर अठरा झाडं उभी केली.

"बाबा, पंधरा दिवसांत चौथी बार? काऊन फवारून राह्यले?"

"करपा आला ना. खालची पानं गेली, आता फळंही बुडातून सडून राह्यले."

समीक्षानं एक टमाटर तोडलं. बुडाशी, जिथं फूल गळतं तिथं, काळा चपटा डाग. चामड्यासारखा कोरडा आणि आत दबलेला. देठाकडची बाजू साफ. मग तिनं खालचं एक पान तोडून पाहिलं. त्यावर तपकिरी ठिपके, ठिपक्यात एकात एक वर्तुळं, भोवती पिवळं.

"पानावरचा करपाच आहे, बाबा. पण फळाचं दुखणं वेगळं. ही बुरशी नाई. फळाले कॅल्शियम पोचत नाई."

"मंग चुना टाकतो."

"मातीत आहे, शेणखत टाकलं ना तुम्ही. पण ते पाण्यासंगच वर चढते. एक दिवस चिखल अन् तीन दिवस कोरडं, असं झालं का फळाच्या बुडापर्यंत जातच नाई. त्याच्यावर फवाऱ्याचा काही उपेग नाई."

"पाणी?" नत्थूजींचा आवाज चढला. "रोज सकाळी देतो मी. सगळ्याईले."

समीक्षानं बादलीत बोट खुपसलं. माती कोरडी भुकटी. शेजारच्या बादलीत चिखल, खालून पाणी झरत होतं. ती रांगेनं बोट घालत गेली. भिंतीकडच्या सात बादल्यांपैकी पाच ऑक्टोबरच्या उन्हात वाळल्या होत्या, दोन नुसत्या ओलसर. काळ्या बुडाची फळं होती ती याच सातांत. मधल्या बादल्यांची फळं चांगली होती, पानांवर ठिपके मात्र सगळ्यांच्याच.

नत्थूजी तिच्या पावलांचा आवाज ऐकत उभे राहिले. ती काय मोजून राहिली ते त्यांना कळलं होतं. समोरचं पान त्यांना दिसायचं, त्याची शीरन् शीर दिसायची. पण बाजूचं जग वर्षभरापासून आकसत गेलं होतं, नळीतून बघावं तसं. उंबऱ्याला पाय अडखळायचा, ताटाशेजारचा गिलास लवंडायचा. वय झालं, म्हणायचे. पोराला कळलं तर जिना चढू देणार नाही, एवढीच भीती.

लवंडलेले गिलास समीक्षानंही पाहिले होते. ती त्यांच्या डाव्या अंगाला येऊन उभी राहिली. "बाबा, समोरच पाहा. माझ्या हातात काय आहे?"

त्यांना हातच दिसला नाही.

"टमाटर," ते अंदाजानं बोलले.

हातात पाण्याचा मग होता. तिनं तो खाली ठेवला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायला रोज थेंब घालायचे. "वर्षभर आधी आले असते तर," एवढं बोलून ते थांबले. घरी आल्यावर सचिन बापावर ओरडला, मग मोरीत जाऊन रडला, आणि दुसऱ्या दिवशी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. कठडा गुडघ्याएवढाच होता.

झाडं समीक्षाच्या हाती आली. तिनं ठिपक्यांची पानं काढून जाळली, मातीवर वाळलं गवत अंथरलं, वरून पाणी ओतायचं बंद केलं, बुडाशी रोज थोडं थोडं दिलं. बुरशीचं औषध फक्त पानांसाठी, तेही बेतानं. काळी फळं सुधारणार नव्हती, तोडून फेकली. तीन झाडं करप्यानं गेलीच. बाकीच्यांची पुढची फळं बुडाशी साफ निघाली. तिनं त्यातलं एक नत्थूजींच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा फिरवला, म्हणाले, "चांगलं आहे," आणि परत दिलं.

दिवाळीनंतर त्यांचं वावर कसणारा अंकुश आला. पिशवीतून तुरीची फांदी काढून म्हणाला, "काका, हा कोणता रोग व्हय? तुमच्याशिवाय कोणी सांगत नाई."

नत्थूजींनी फांदी डोळ्यांजवळ नेली, फिरवली, पुन्हा फिरवली. एका वेळी एकच पान दिसत होतं. सारी फांदी कशी आहे, ते काही केल्या कळेना.

त्यांनी ती सुनेकडे धरली. "तू पाय," ते म्हणाले. "मले नाई दिसत."

अंकुशला थट्टा वाटली, तो हसायला लागला, मग त्यांचं तोंड पाहून पिशवीची घडी घालायला लागला.