जुन्या नंबरावरचा निरोप

ओट्यावर पालथी घातलेली स्टीलची वाटी घसरली आणि खळ्ळकन मोरीत पडली. दुपारची शांतता तेवढ्यानं मोडली. ज्ञानदानं मांजरासारखी मान वळवली, पण झोपलेल्या लेकीनं, श्रावणीनं, फक्त कूस बदलली. अजून अर्धा तास मिळणार होता, नशिबात असला तर.

नशिबात नव्हता. सुबोधदादाचा फोन आला.

सुबोधदादा म्हणजे ‘आपली पेठ’चा मालक. सोलापुरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या घरगुती विक्रेत्यांना एका साइटवर दुकानं थाटून द्यायची, ही कल्पना त्याची. ती साइट बांधली ज्ञानदानं, श्रावणीच्या झोपांच्या मधून. गिऱ्हाइकानं एकाच वेळी एकीची चटणी आणि दुसऱ्याची चादर घेतली, तर एका ऑर्डरचे दोन तुकडे करायचे, ज्याचा माल त्याच्याकडे निरोप धाडायचा. माल पोचला, तक्रारीची मुदत संपली, की खाद्यपदार्थांवर दहा टक्के आणि कापडावर चौदा टक्के कमिशन आणि त्या कमिशनवरचा जीएसटी कापून उरलेली रक्कम दर सोमवारी विक्रेत्याच्या खात्यात. हे सगळं तिनं एवढं घासूनपुसून केलं होतं, की सुबोधदादा म्हणायचा, “तुझ्या साइटमध्ये माशी शिरली तरी तिचंही कमिशन कापलं जाईल.”

आज तो हसत नव्हता.

“मंद्रूपच्या शिवम्मा आल्यात ऑफिसात. शेंगाचटणीवाल्या. खातं बदलून हवंय. तू आतून बदल ना, दोन मिनिटांचं काम.”

“ओटीपी टाकून त्यांनाच बदलता येतं की, दादा.”

“ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जातोय.”

ज्ञानदाला एकदम आठवलं. विक्रेत्याचं पॅन आणि बँकखातं एकाच नावावर हवं, अशी तपासणी तिनं सुरुवातीलाच घातली होती. पण पहिल्या खेपेला बायकांची खाती नवऱ्यांच्या, मुलांच्या नावावर निघाली. सुबोधदादाला दुकानं भराभर उघडायची होती. “तात्पुरती सूट दे, मी स्वतः मंजूर करतो,” तो म्हणाला आणि तिनं दिली. पॅन शिवम्मांचं, खातं त्यांच्या नवऱ्याचं, मायाप्पांचं, मोबाइलही मायाप्पांचाच. वर तिनंच नियम केला होता, की खातं बदलायचं तर नोंदवलेल्या नंबरावरच्या ओटीपीशिवाय बदलणार नाही. चोराला अडवणारं दार तिनं चांगलं भक्कम बांधलं होतं. घरधनीण बाहेर राहील, हे मात्र सुचलं नव्हतं.

“मी येते,” ती म्हणाली.

श्रावणीला उठवून, चेहरा पुसून, स्कूटीवर पुढे उभी करून ती नवी पेठेतल्या ऑफिसात पोचली. शिवम्मा खुर्चीच्या काठावर बसल्या होत्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, मांडीवर प्लास्टिकची पिशवी.

“ताई, तुमीच का साइटवाल्या? बारीकच हायसा की!”

“व्हय,” ज्ञानदा हसली. “काय झालं, सांगा.”

झालं होतं ते साधंच. पैसे सोमवारी यायचे, ते मायाप्पांच्या खात्यात. शेंगा आणायला शिवम्मांनी मागितले, की ते म्हणायचे, बघू. मागच्या महिन्यात त्याच पैशांतून त्यांनी मोठा मोबाइल घेतला. शेंगा आल्या नाहीत, तीन ऑर्डरी वेळेत निघाल्या नाहीत आणि साइटनं त्या आपोआप रद्द केल्या. आणखी दोन रद्द झाल्या, तर दुकान यादीतून उतरणार होतं. हाही नियम ज्ञानदाचाच.

“मारत-बिरत न्हाय हो,” शिवम्मा घाईनं म्हणाल्या. “माणूस वाईट न्हाय. पण चटणी मी कांडती, आणि शेंगांसाठी हात मी पसरती. लई कंटाळा आलाय. बचत गटातनं बँकेत माझं खातं काढलंय. त्यात घाला.” पिशवीतून पासबुक निघालं, पॅनकार्ड, आधार, सगळं रबरानं बांधलेलं.

सुबोधदादा लॅपटॉप पुढे सरकवत म्हणाला, “घे, कर. समोर बसल्यात त्या.”

“असं डेटाबेसमध्ये हात घालून नाही करणार. आज समोर आहेत. उद्या कुणी फोनवर ‘मी शिवम्मा बोलतेय’ म्हणालं, की तू मला हेच सांगशील.”

“मग बाईंना काय ‘नियमात बसत नाही’ म्हणून परत पाठवू?”

“नियम बदलते. थांब.”

श्रावणी तिच्या मांडीवर येऊन बसली. एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं ज्ञानदा टाइप करत राहिली. रस्ता नवा काढला. नंबर हाताशी नसेल, तर विक्रेत्यानं स्वतः ऑफिसात यायचं, मूळ कागद दाखवायचे, नव्या खात्यावरचं नाव पॅनशी जुळलंच पाहिजे, इथे सूट नाही. खातं बदललं, की एका आठवड्याचे पैसे थांबवून ठेवायचे, म्हणजे चोरी असेल तर ती उघडकीला यायला वेळ मिळेल. आणि जुन्या नंबरावर निरोप जायचाच: तुमच्या दुकानाचं खातं बदललं आहे.

शेवटच्या ओळीपाशी तिची बोटं थांबली.

सुबोधदादानं वाकून पाहिलं. “हा निरोप एवढ्यापुरता काढून टाक. कुणाला कळतंय?”

काढता आला असता. एक ओळ. पण तोच निरोप कधीतरी शिवम्मांनाच वाचवणार होता, आणि आज तोच त्यांच्या घरी जाऊन आदळणार होता. हे कोडं तिला एकटीनं सोडवता येईना. तिनं सरळ विचारलं.

“मावशी, खातं बदललं की मायाप्पांच्या फोनवर मेसेज जाईल. आत्ताच, लगेच. मला तो थांबवायचा नाहीये. पण तुम्ही नको म्हणालात, तर आज आपण खातंच बदलायचं नाही.”

शिवम्मांनी पासबुकाचं रबर ताणून सोडलं. मग म्हणाल्या, “जाऊ द्या. चार महिने झालं सांगीन सांगीन म्हणती, तोंडच उघडंना. तुमचं मशीन तरी सांगंल.”

“आणि या सोमवारचे पैसे आठवडाभर अडकतील. तोवर शेंगांचं?”

“मग मी काय करू?”

“दुकानाला आठवड्याची सुट्टी लावू. ऑर्डरीच येणार नाहीत, तर रद्दही होणार नाहीत.”

“सुट्टी?” शिवम्मा पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. “लगीन झाल्यापासून पहिलीच बघा!”

सुबोधदादानं कागद तपासले, मंजुरी दिली. पडद्यावर हिरवी पट्टी आली. खातं बदललं, निरोप गेला. सुबोधदादा उगाच पंख्याचा रेग्युलेटर फिरवत राहिला. बाकीच्या बायकांच्या खात्यांना दिलेली सूटही आता काढायला हवी, असं ज्ञानदा पुटपुटली, तेव्हा त्यानं होकारार्थी मान हलवली.

शिवम्मांनी कागद परत रबरात बांधले. श्रावणीच्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. “येते गं बाळा. पाचची यष्टी गाठायची हाय.”

जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली खाली गेला. श्रावणी खिडकीशी धावली आणि कठड्याला नाक लावून, त्या रस्ता ओलांडेपर्यंत बघत राहिली.

“आई,” तिनं वळून विचारलं, “मेसेज आजींच्या आधी घरी पोचला ना? मग त्या घरी पोचतील तेव्हा त्यांच्याशी कुणी बोलेल का?”