नानांचा हात

सुकलालनाना बावीस वर्षं जेकार्डच्या साड्यांचे नकाशे काढत होते. चौकटीच्या कागदावर एकेक चौकट रंगवायची, म्हणजे मागावर एकेक दोरा उचलला जातो. त्यांच्या हातची वेल अशी वळायची की विणकर म्हणायचे, ही आपोआप वाढते. सुरतेच्या रिंग रोडवर कांतिभाई शेठच्या डिझाइनच्या खोलीत खिडकीजवळची जागा त्यांची होती, आणि ती कुणी मागायची हिंमत करत नसे.

योगराज त्यांच्याच गल्लीतला, सुरतेतल्याच गोडादरा वस्तीतला. मागावर काम करणाऱ्या बापाचा हा पोरगा कॉम्प्युटर शिकला आणि त्यानं साडीचे नकाशे पडद्यावर काढायचा प्रोग्राम लिहिला. तेव्हा, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, गल्लीत त्याची मान ताठ झाली. जरा जास्तच ताठ झाली म्हणा. पण त्याचा तो प्रोग्राम शेठनं घेतला तो नानांच्या शब्दावर. "पोऱ्या आपला शे," एवढंच नाना आपल्या गावाकडच्या बोलीत शेठला म्हणाले होते. मग बावन्नाव्या वर्षी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, त्यांनी माउस धरायला शिकून घेतलं.

महिन्याभरात तक्रार आली. नानांच्या वेलीत मध्येच सरळ काप पडत होते. गोल वळण चाललेलं असे आणि मध्येच कुणी पट्टी ठेवून रेघ ओढावी तसं दिसे. शेठनं योगराजला बोलावलं. योगराजनं चार बोटांचा एक काठ काढून पाहिला, दहा मिनिटं बसला, सगळं लोण्यासारखं चाललं. मग खोलीतल्या सहा माणसांसमोर तो म्हणाला, "प्रोग्राम बरोबर आहे, शेठ. नानांचा हात वयानं थरथरतो, त्याला काय करणार?"

 नानांनी फक्त हात मांडीवर ठेवला. योगराजला ते दिसलं होतं, पण आपला माल खरा ठरल्याच्या खुशीत त्यानं ते मनावर घेतलं नाही.

तीन आठवड्यांनी शेठचा पुन्हा फोन. वेलीतले काप आता बंद झाले होते, पण नाना काम सोडून मध्येच हात बाजूला घेऊन बसून राहतात, डुलकी लागते बहुतेक, असं शेठचं म्हणणं. नानांना परत कागदावर बसवायचं ठरलं होतं, आणि कागदाचं काम तर दिवसेंदिवस आटत चाललेलं. त्यांच्या जागी छाया नावाची नवी मुलगी बसणार, तिला सोमवारी येऊन शिकवून जा.

सोमवारी योगराज गेला तेव्हा नाना शेवटचा मोठा पदर पुरा करत होते. तो त्यांच्या मागे उभा राहिला. नानांचा हात वेल ओढत होता, लवचिक, जराही न थरथरता. मग नानांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बटण सोडलं, हात उचलला आणि मांडीवर ठेवला. सातेक सेकंद थांबून पुन्हा वेल धरली. पाच मिनिटांनी पुन्हा घड्याळ, पुन्हा हात मांडीवर.

"नाना, हे काय करता?" त्यानं हळूच विचारलं.

नाना त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "धा वाजता सुरू करं तं धा-पाचले अटकस, धा-धाले अटकस. मी लिखी ठेयेल शे." त्यांनी कागदाची चिठ्ठी पुढे सरकवली. तीन दिवसांच्या वेळा होत्या तिच्यावर, बारीक अक्षरात. "कापडवर डाग सारखा सारखा अंतरवर पडना तं तो मशीनना, हे तुना बापले बी माहीत शे. हातना डाग येळ पायत नही."

 दर पाच मिनिटांनी काय होतं ते जगात एकट्या योगराजलाच माहीत होतं. सुरतेत लाइट केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून प्रोग्राम दर पाच मिनिटांनी काम आपोआप जतन करत असे. पडद्यावरची हजारो चौकटींची माहिती एका ओळीत मांडायची, आवळायची आणि डिस्कवर लिहायची. पण रेघ ओढणं आणि हे मांडणं, दोन्ही कामं प्रोग्रामच्या एकाच धाग्यावर, म्हणजे एक संपल्याशिवाय दुसरं नाही. मांडणी चालू असेतो रेघ ठप्प. माउसचा बाण हलायचा, रेघ नाही. नानांचा हात गोल फिरून पुढे गेलेला, आणि प्रोग्राम जागा झाला की आधीचा बिंदू आताच्या बिंदूला सरळ जोडून टाकी. चार बोटांच्या काठावर हे कळणारच नाही. पदर मोठा, म्हणून सात सेकंद लागत होते.

आणि खरी लाज पुढेच होती. त्या वेळी बाणाच्या जागी वाळूचं घड्याळ दिसायला हवं होतं. ते त्यानं स्वतःच्या हातानं काढून टाकलं होतं. गिऱ्हाइकाला माल सुस्त वाटू नये म्हणून.

"छायाला शिकवायला मी शुक्रवारी येतो," एवढं बोलून तो पळालाच म्हणा ना.

चार दिवस तो त्याच कामाला भिडला. मांडण्याचं आणि लिहिण्याचं काम त्यानं मागच्या वेगळ्या धाग्यावर टाकलं, म्हणजे रेघेचा धागा मोकळा. पहिल्याच खेपेला तोंडघशी पडला. इकडे चित्र बदलतंय, तिकडे तेच चित्र लिहिलं जातंय; फाइल उघडली तर अर्धं फूल जुनं, अर्धं नवं. मग त्यानं आधी चित्राची मेमरीतच एक प्रत काढून घेतली, त्याला पापणी लवेल एवढाच वेळ लागे, आणि मागच्या धाग्याला ती प्रतच दिली. तिला कुणी हात लावत नाही, तेव्हा त्या धाग्यानं ती सावकाश मांडावी, वेगळ्या नावानं लिहावी, आणि पुरी झाल्यावरच जुन्या फाइलच्या जागी ठेवावी. मोठा पदर उघडून तो अर्धा तास रेघ ओढत बसला. ती कुठे तुटली नाही.

शुक्रवारी शेठनं पाहिलं आणि ते खूश झाले. म्हणाले, "वा भाई, नानांच्या थरथरत्या हातासाठी इलाज शोधलास!"

मान हलवली असती तर सुटला असता. वर शाबासकी मिळाली असती. खोलीत तीच सहा माणसं होती, आणि नाना कागदाच्या टेबलापाशी पाठ करून बसले होते. योगराजचे कान तापले. 

"हात कधी थरथरलाच नाही, शेठ. दर पाच मिनिटांनी माझा प्रोग्राम अडकत होता. ते दिसू नये म्हणून मी खूण काढून टाकली होती. मी चोर, आणि सुळी दिली नानांना."

 शेठनं पानाचा तोबरा गालात सरकवला, नानांना खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि छायाला शेजारी दुसरी खुर्ची घ्यायला सांगितली.

नाना येऊन बसले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, वेल धरली. योगराज मागे उभा. वेल एका फुलाला वळसा घालून दुसऱ्याकडे निघाली, भरघोस, जुन्यासारखी. पाच मिनिटं होत आली. प्रोग्राम थांबणार नव्हता, योगराजला पक्कं ठाऊक होतं. तो बघत राहिला.

नानांनी घड्याळाकडे पाहिलंही नाही. पण त्यांचं बोट बटणावरून सुटलं, हात उचलला गेला आणि मांडीवर जाऊन बसला.

"काढत राहा, नाना," योगराज म्हणाला. "आता नाही थांबत ते."

नाना मांडीवरच्या हाताकडे बघत होते.

"माले नको सांगू," ते म्हणाले, "हातले सांग."