जीए आल्याबिगर

नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत टेलिप्रिंटरवर बसणारा रुपराव तोंडानं गरीब गाय, बोटानं मात्र लय जहाल. पुणे ऑफिसच्या कृष्णकांतनं तिकडून काही टोमणा टाइप केला की तो इकडच्या कागदावर उमटे, अन् रुपराव असा उलटा टोला हाणे, की तिकडचे क्लार्क कागदाभोवती गर्दी करत. खुशीत कृष्णकांत मशीनची घंटी वाजवे. चार वर्षं हेच. ना आवाज ऐकला, ना थोबाड पाहिलं.

गुपित रुपरावलेच ठाऊक. टोले तो सकाळीच जुळवून, तीनदा खोडून, कागदी पट्टीवर अक्षरागणिक भोकं पाडून तयार ठेवे. मोका दिसला की पट्टी मशीनीत घातली, खडखडखड! तिकडच्याले वाटे, काय हजरजबाबी माणूस हाय!

ब्याऐंशीच्या डिसेंबरात कागदावर उमटलं, 'नागपूरला येतोय. दोन दिवस तुमच्याकडेच राहीन. जीए.'

जीए म्हणजे गो अहेड, आता तू बोल. एका लाइनवर दोघांनी संगंच बटनं दाबली तर अक्षरांची खिचडी होते. म्हणून जीए आल्याबिगर कोणी बोट हलवत नसे.

रुपरावनं तो कागद तीनदा वाचला. जिंदगीत दोस्त एकच, अन् आपण मुखदुर्बळ हावो हे त्याले कळलं तर? त्यानं अकरा विनोद चिठ्ठीवर लिहून खिशात कोंबले.

स्टेशनावर सहा फुटी, मिशीवाला कृष्णकांत उतरला. रुपरावनं पहिला विनोद सोडला, "या! मशीनीतून यवढा मोठा माणूस निंगते कसा?"

कृष्णकांत त्याच्या तोंडाकडे पाहत गप्प. रिक्षात दुसरा विनोद. गप्प. घरी तिखटजाळ तर्री-पोह्यावर सहावा. तरी गप्प! रुपरावले घाम फुटला. तर्रीचा नव्हे.

शेवटी पाहुणा रुपरावच्या बायकोले म्हणाला, "वहिनी, मी दुपारच्याच गाडीनं परततो."

"काहून भाऊजी?" शोभानं झारा खाली ठेवला.

"हे एक वाक्य बोलतात, थांबतात, खिशात डोकावतात. पुढे आणखी असेल म्हणून मी थांबतो. जीए म्हणतच नाहीत—"

"अबे, मी तुह्या जवाबाची वाट पाहून राहिलो ना!" रुपराव मधातच ओरडला. जन्मात पहिल्यांदा चिठ्ठीबिगर.

"मग बोलायचं ना तसं—"

"तुले तोंड नाही का? माहे टोले तर पट्टीवरचे, पण तू यवढी मिशी घेऊन—"

"मिशीवर जाऊ नका! माझेही टोले पट्टीवरचेच होते!" अन् कृष्णकांतनं खिशातून चौदा जवाबांची चिठ्ठी काढून आपटली.

शोभानं दोन्ही चिठ्ठ्या उचलून शेगडीत घातल्या. "यवढे थोर हुशार! पट्टीत भोकं, तशीच दोघाच्याबी मेंदूत."

गाडी गेली, पाहुणा राहिला. दोन दिवस दोघं एकमेकाचं वाक्य तोडत असे बडबडले, की शेवटी शोभानं ताटावर चमचा ठणाणा बडवला.

"कोणी तरी जीए म्हणा गा! मले भाजीत मीठ किती ते इचारू द्या!"