झाकणावरची नावं

हे लिहिणारच नव्हतो. वाटलं, एका मीटिंगचं काय लिहायचं, त्यात पण मी निम्मा वेळ गप्पच. पण डोक्यातून जाईना, म्हणून टाइप करतोय.

सणाचे गिफ्ट हॅम्पर आम्ही दोघं करतो. मी आणि वकील. तो वकील नाहीये, बोलतो तसा. विकायचं काम त्याचं. बॉक्स, पॅकिंग, अक्षर माझं. कॅलिग्राफी व्हिडिओ बघून शिकलो. कारखाना म्हणजे वहिनीची मागची खोली.

त्या दिवशी वकिलाचा जीव टांगणीला होता. जुन्या ऑफिसातून परत बोलावणं आलं होतं आणि संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. "ही ऑर्डर नाही मिळाली ना, तर मी गेलो," म्हणाला. एकटा मी काय विकणार? मला तर वाण्याकडे सुटे मागायला लाज वाटते.

कंपनीच्या खरेदीचं बघणाऱ्या मॅडमसमोर आम्ही सॅम्पल ठेवलं. आत सुकामेवा, मेणबत्ती, चहाचा डबा. झाकणावर कंपनीचा लोगो छापून घेतला होता आणि त्याखाली सोनेरी शाईत मी मॅडमचं नाव लिहिलं होतं.

त्यांनी नावावरून बोट फिरवलं. "हे हातानं?"

"हातानंच!" वकील म्हणाला. मी लिहिलं होतं, फुशारला तो.

"मला असंच पाहिजे. एकशेऐंशी लोक आहेत, प्रत्येकाचं नाव झाकणावर. होईल?"

"का नाही होणार? ऑर्डर दिल्यापासून बारा दिवसांत बॉक्स तुमच्या दारात. आठशे चाळीसला एक, कर वेगळा."

छापील बॉक्सवाला अडीचशेच्या खाली मशीन लावतच नाही. आणि डिझाइन मंजूर झाल्यावरच त्याचे दोन आठवडे सुरू होतात. वकिलाला हे सगळं माहीत होतं, पण समोर गिऱ्हाईक दिसलं की त्याची जीभ ब्रेक विसरते.

मी विचारलं, "मॅडम, नावांची यादी कधी पक्की होणार?"

टेबलाखाली वकिलानं माझ्या पायावर पाय दिला. चांगला दिला.

मॅडम हसल्या. "पक्की? अहो, आमच्याकडे शेवटच्या आठवड्यातही कोणी येतं, कोणी जातं."

"मग झाकणावर नाव नको."

वकील माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याचं लग्न मोडलं.

आता मागे फिरता येत नव्हतं, सांगत गेलो. नाव चुकलं किंवा माणूस गेला तर पूर्ण बॉक्स वाया. तेवढ्यासाठी एक बॉक्स छापून मिळत नाही. त्यापेक्षा बॉक्स साधा घेऊ, तो तयार मिळतो. त्यावर लोगोचा कागदी पट्टा, तो पन्नासपासून छापून मिळतो. आणि नाव रिबिनीला बांधायच्या टॅगवर. टॅग सगळ्यात शेवटी.

"म्हणजे यादी मी कधीपर्यंत देऊ शकते?"

"माल द्यायच्या चार दिवस आधीपर्यंत. वर थोडे कोरे टॅग देतो, ऐनवेळी कोणी आलं तर. बाकीचं काम आधी उरकतं. पण बारा दिवस नाहीत, अठरा. तेही तुम्ही पट्ट्याचं डिझाइन मंजूर करून अ‍ॅडव्हान्स दिल्यापासून."

"आणि आमच्या साठ ग्राहकांना वेगळ्या रंगात?"

"बॉक्स तोच, पट्टा वेगळा. साठ चालतील."

"रेट?"

मी वकिलाकडे बघितलं. हे त्याचं खातं. तो सावरला. "छापील बॉक्स गेला, मॅडम, हाताचे टॅग आले. आठशे वीस करतो. पण वेगवेगळ्या पत्त्यांवर पाठवायचं झालं तर कुरिअर वेगळं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मागच्या वर्षीच्या माणसानं सगळ्याला हो म्हटलं होतं. सण उलटून गेल्यावर माल आला." मग म्हणाल्या, "हेच कोटेशनमध्ये लिहून पाठवा. आलं की पट्ट्याचं डिझाइन मागवते."

खाली रस्त्यावर आल्यावर वकील फुटला. "अरे गाढवा, मीटिंगच्या मध्ये माझा पोपट करतोस?"

"तू बारा म्हणालास!"

"तोंडातून गेलं रे!" मग खो खो हसला. फुटपाथवर बसूनच फोनवर कोटेशन टाइप केलं, मला दाखवून पाठवलं. मॅडमचं उत्तर आलं: 'मंजूर. लोगोची फाइल पाठवतेय.'

तरी त्यानं ऑफिसला फोन लावला नाही. नंबर काढून बसला होता.

"नाही म्हणून टाकू? नंतर अंगाशी आलं तर?"

मी म्हणालो, "तू कुणालाही तारीख द्यायच्या आधी मला विचार. मी हो म्हटलेली तारीख मी पाळणार. रात्रभर जागलो तरी, वहिनीनं खोलीतून हाकललं तरी. शब्द देतो."