पहिला नंबर

गाव त्याला टाइमटेबल म्हणायचं. शेतात पाणी द्यायचं असो की पाहुण्यांना उठवून लावायचं असो, त्याच्याकडे कागद तयार असे आणि कागदावर वेळा. बायको म्हणायची, यांना मरणसुद्धा पाच मिनिटं आधी येईल, बाहेर थांबेल. ती असं म्हणायची तेव्हा तोही हसायचा, कारण तेव्हा दोघंही ठणठणीत होते.

आता बायको बाजाराच्या गावातल्या इस्पितळात होती. आठ दिवस झाले होते. सोबत मुलगी होती. आदल्या संध्याकाळी मुलीनं फोनवर सांगितलं, की इथं उपचार जमत नाहीत, सकाळी दहाला गाडीनं मोठ्या इस्पितळात हलवणार. मागून बायकोचा आवाज आला. मुलीनं फोन तिच्या कानाला लावला.

"कांदा ट्रॉलीत भरलाय ना? आधी कांदा विका, मग या. तसाच टाकून आलात तर बोलणार नाही तुमच्याशी."

आजारी माणसाशी वाद घालू नये म्हणतात. तिच्याशी तर ती धडधाकट असतानाही कुणी घालत नसे.

त्यानं कागद घेतला आणि वेळा उलट्या लावल्या. दहाला बायको जाणार. वॉर्डाचं दार आठला उघडतं. त्याच गावात कांद्याचा लिलावही आठला. यार्डाचं फाटक सहाला उघडतं, म्हणून पावणेसहाला फाटकाशी. रस्ता पस्तीस किलोमीटर, भरलेली ट्रॉली, म्हणजे सव्वादोन तास, वर चढाचा अर्धा तास. तीनला निघायचं. पहिला नंबर लावायचा, आठ वाजून दोन मिनिटांनी कांदा विकायचा, वजनाचं काम शेजाऱ्यावर सोपवायचं आणि साडेआठला बायकोपुढं उभं राहायचं. कागद त्यानं दोनदा वाचला. त्यात चूक नव्हती.

शेजाऱ्याला सगळे वकील म्हणत, कारण आयुष्यात एकही वाद त्यानं जिंकला नव्हता. तो ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून आला आणि चढावर एकदाच बोलला, की थंडी आहे. सगळं कागदाबरहुकूम झालं. पावणेसहाला फाटकाशी त्यांच्यापुढं फक्त एक कुत्रं होतं. सहाला आवक लिहून घेणाऱ्यानं पावती फाडली आणि हात लांब करून पार आतलं टोक दाखवलं. पहिला आलेला सगळ्यात आत, पुढचे त्याच्या मागं, अशी रांग फाटकापर्यंत भरत येई. टाइमटेबलनं ट्रॉली भिंतीशी नेऊन लावली, ताडपत्री सोडली, वरचा कांदा हातानं चाळवला. साल सुकी होती, रंग चांगला होता. माल बघून त्यालाच बरं वाटलं.

आठपर्यंत पासष्ट ट्रॉल्या लागल्या. आठला पुकारणारा आला, मागं व्यापाऱ्यांचा घोळका. टाइमटेबलनं शर्टाची कॉलर सारखी केली. घोळका फाटकापाशीच थांबला आणि तिथल्या शेवटच्या ट्रॉलीवर बोली सुरू झाली.

त्याला वाटलं, काहीतरी चुकलं. त्यानं पलीकडच्या ट्रॉलीवाल्याला विचारलं. त्या माणसानं त्याच्याकडं कीव येऊन पाहिलं. एक दिवस आतल्या टोकाकडून, एक दिवस फाटकाकडून, असं तीन वर्षं चाललंय, मागून येणाऱ्यांनी भांडून करून घेतलंय. ऑफिसच्या फळ्यावर रोज लिहितात. आज फाटकाकडून.

फळा त्यानं कधी वाचला नव्हता. यार्डात ट्रॉली लावली की त्याचं काम संपे. तो टायरची हवा बघायला आणि चहाला जाई. ट्रॉलीपाशी बायको उभी राही. फळा ती वाचे, होकार ती देई, आणि बाजाराचा दिवसही तीच ठरवी. "उद्या नको, परवा जाऊ," असं ती म्हणायची तेव्हा तो तिच्या हेकटपणाबद्दल वकिलाकडं तक्रार करायचा. आता भिंतीशी उभा राहून त्यानं ते सगळे परवा मनात मोजले. एकही चुकला नव्हता. आजचा दिवस तेवढा तिनं निवडला नव्हता.

वकील म्हणाला, तू जा तिकडं, बारा मिनिटांचा रस्ता आहे. मी उभा राहतो.

"आणि भाव पुकारला तर?"

"मी हो म्हणतो."

"तू हो म्हणशील. तीच तर भीती आहे."

भीती खरी होती. वकिलानं गेल्या वर्षी स्वतःचा माल पहिल्या बोलीला देऊन टाकला होता आणि वर व्यापाऱ्याचे आभार मानले होते. ट्रॉलीपाशी हो म्हणणारं कुणीच नसेल तर ती दुपारच्या लिलावावर जायची. टाइमटेबलनं हिशेब केला: पासष्ट ट्रॉल्या, ट्रॉलीला मिनिट, म्हणजे नऊ वाजून पाच. सव्वानऊला बायकोपाशी. पाऊण तास मिळतो. पाऊण तासात एवढं काय बोलायचंय? तो थांबला.

साडेआठला निम्मी रांग झाली होती. तेवढ्यात एक व्यापारी हातात सडका कांदा घेऊन परत आला. एका ट्रॉलीत वर सोनं आणि खाली चिखल निघाला होता. मालक म्हणाला, चिखल तुमच्या गोदामातला. बाकीच्या व्यापाऱ्यांनी एकीसाठी बोली बंद केली आणि एकी टिकावी म्हणून चहा मागवला. टाइमटेबल फाटकापर्यंत गेला. तिथून इस्पितळाकडं जाणारा रस्ता सरळ दिसत होता. मागं घोळक्यात कुणीतरी हात वर केला, त्याला वाटलं मिटलं, म्हणून तो धावत परत आला. चहाचा दुसरा फेरा सांगितला होता.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, आई बसलीय उशीला टेकून, केस विंचरून घेतलेत. दहाला निघायचंय, या तुम्ही.

सव्वानऊला बोली पुन्हा सुरू झाली. आता निघावं तर एवढा वेळ थांबलेलं वाया जाणार होतं. नऊ वाजून सत्तेचाळीसला घोळका भिंतीशी आला. व्यापाऱ्यांची गरज भागली होती, पोटात चहा होता. बोली दोनदा वर सरकली आणि बसली. पुकारणाऱ्यानं त्याच्याकडं पाहिलं. बायको अशा वेळी कांद्याकडं बघत गप्प राहायची, आणि तिच्या गप्प राहण्यानं बोली आणखी एकदा हलायची. त्यानं ते शेकडो वेळा चहाच्या टपरीवरून पाहिलं होतं.

"हो," तो म्हणाला, आणि पावती वकिलाच्या हातात कोंबून पळत सुटला.

इस्पितळाच्या फाटकाशी हातगाडी आडवी लागली होती आणि आतून रुग्णवाहिका भोंगा वाजवत होती. कुणाला तरी घाई असणार, असं मनात आणून त्यानं हातगाडीवाल्याला मदत केली, गाडी बाजूला ओढली, रस्ता मोकळा करून दिला. चालकानं हात वर करून आभार मानले. मग तो जिने चढून वर गेला.

पलंगावरची चादर काढलेली होती. नर्स म्हणाली, आत्ताच गेल्या. आज गाडी वेळेआधी आली, कधी नाही ते.

त्यानं फोन लावला. मुलगी रडत होती, म्हणाली, फाटकाशी हातगाडी होती, तिथं थोडं थांबलो होतो, मला वाटलं तुम्ही येताल. मग मुलगी म्हणाली, "आई विचारतेय, भाव काय लागला?"

त्यानं भाव सांगितला. दोनशे वाढवून सांगितला. पलीकडं गाडीचा घरघराट ऐकू येत राहिला, मुलगी काहीतरी ऐकत असावी.

"आई म्हणतेय, आज तेवढा नसणार."

तिसऱ्या दिवशी तिला घरी आणलं, झाकून. तो मोठ्या इस्पितळात पोचला होता तेव्हा ती शुद्धीवर नव्हती, म्हणून फोनवरचं तेच तिचं शेवटचं बोलणं ठरलं. वकील लोकांना सांगत होता, की भाव त्या दिवशी खरंच पडलेला होता, आणि टाइमटेबल शेजारी बसून मान हलवत होता. वकिलाचं म्हणणं कुणीतरी मान्य केल्याची ती पहिलीच वेळ.