खांद्यांची थरथर

आमच्या स्टुडिओत सगळे कानात हेडफोन खुपसून बसतात. दिवसभर माझ्याशी कोणी बोलत नाही. काम सफाईचं. नटाच्या अंगाला ठिपके लावून त्याची हालचाल कॅमेरे टिपतात, त्यात शिरलेला कंप मी काढते. आधी थरथर दाबणारा फिल्टर लावायचा, मग जास्तीच्या कीफ्रेम, म्हणजे क्षणाक्षणाच्या हालचालीच्या नोंदी, उडवायच्या. घरीही एकटीच, त्यामुळे या ठिपक्यांच्या माणसांची मला सोबत वाटते. हसायचं तर हसा.

या वेळी नट होते काका, सगळे त्यांना काकाच म्हणतात. आम्ही बनवतोय त्या गेममधल्या म्हाताऱ्याच्या हालचाली तेच करतात. म्हातारा बंद दाराशी थांबतो, कुणी उघडत नाही, तो परत फिरतो, एवढाच प्रसंग. चेहरा टिपला नव्हता, तो नंतर हाताने करायचा होता. मनगटाचा ठिपका मधेमधे झाकला गेल्याने नुसता थयथयाट करत होता. मी वैतागून अख्ख्या अंगाला एकच कडक फिल्टर लावला, कीफ्रेमही सढळ हाताने उडवल्या. हालचालीचे आलेख कसे छान गुळगुळीत झाले!

सुपरवायझरने बघितलं आणि म्हणाला, "अगं, हा माणूस आहे की खांब? उद्या काका बघायला येतायत. जमत नसेल तर शॉटच काढून टाकू."

काढून टाकू म्हणे! माझं डोकंच फिरलं. मूळ डेटा पुन्हा उघडला. मनगटाचा कंप एकट्या मनगटाचा होता, कोपराला त्याचा पत्ताही नव्हता. खांद्यांचं तसं नव्हतं. दोन्ही खांदे आणि छातीचे ठिपके एकाच वेळी, एकाच लयीत हलत होते. कॅमेऱ्याची गडबड अशी सगळ्या ठिपक्यांत एका लयीत होत नाही. काका रडत होते, आणि मी ते पुसून टाकलं होतं. मला स्वतःचा संताप आला.

कडक फिल्टर फक्त मनगटावर ठेवला. खांद्यांना आणि छातीला अगदी हलका लावला, तिथल्या कीफ्रेम जवळजवळ सगळ्या राखल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्या खुर्चीमागे उभं राहून शॉट पाहिला. मग पुन्हा पाहिला.

"हे तू घातलंस?"

"नाही काका, तुमचंच आहे. आधी माझ्याकडून पुसलं गेलं होतं."

"तुझी काकू गेल्यापासून बंद दार बघवत नाही," ते म्हणाले. "खोटं दार होतं गं, तरी आवरलं नाही. तिथे एवढी माणसं होती, कोणाच्या लक्षात आलं नाही."

"काढू का?" मी विचारलं. काढलं असतं तर म्हातारा पुन्हा खांब झाला असता, शॉटही गेला असता. पण रडणं त्यांचं होतं.

काकांनी माझा हात माउसवरून बाजूला केला.

"नको, राहू दे. पोरं फोनवर विचारतात, बाबा, बरे आहात ना? मी हो म्हणतो." मग हळूच म्हणाले, "ती हा गेम खेळतील का गं?"

खेळतील की, मी म्हणाले. मला काय ठाऊक!