सिस्टरने परत पाठवलेली पार्सलं

पार्सलवाल्याने बेल दाबायच्या आत दार उघडलं. दारात सिस्टर उभ्या होत्या, कंबरेवर हात. वॉर्डातल्या शिकाऊ पोरींना दरदरून घाम फोडणारा तो जुना चेहरा.

"परत ने."

"आजी, मागच्या खेपेलाही परतच नेलं की हो! जिने चढून चढून हाडं खिळखिळी झाली माझी."

"कमरेतून वाकून उचलतोस, मग होणारच. गुडघ्यांत वाक, पाठ सरळ ठेव. हे घे, पाणी पी. आणि खोकं परत ने."

तो बिचारा पाणी प्यायला, फोनवर 'ग्राहकाने नाकारलं' अशी खूण केली आणि या वेळी खरंच गुडघ्यांत वाकून खोकं उचलून गेला. सिस्टरना बरं वाटलं. दुसऱ्यांदा परत गेलंय म्हटल्यावर त्या दुकानाला आता अक्कल येईल, असा त्यांचा हिशोब.

सिस्टर म्हणजे मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या मुख्य परिचारिका. सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. मागे न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मुलाने तेव्हा एका शॉपिंग साइटवर, स्वतःच्याच खात्यातून, आईच्या नावाने दर महिन्याचं सबस्क्रिप्शन लावून टाकलं. तांदूळ, डाळ, चहा, साबण, फरशी पुसायचं औषध. आपोआप ऑर्डर होणार, आपोआप दारात येणार, पैसे मुलाच्या कार्डावरून जाणार. पडून होत्या तेव्हा ही व्यवस्था म्हणजे साक्षात देवानेच हात पुढे केल्यासारखी. सिस्टरनी रोज सांजवात लावताना मुलाला आशीर्वाद दिले, ते काही उगाच नाही.

पण देवाने हात दिला तो उठून उभं राहायला. उठून उभं राहिल्यावरही हात धरूनच ठेवला, तर चालायचं कसं? काठी सुटली, सिस्टर कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जाऊ लागल्या, तरी खोकी येतच होती. फोनवर मुलाला सांगितलं, तो म्हणाला, "केलं बंद." एक महिना काही आलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा खोकं हजर. ते त्यांनी परत पाठवलं, आणि आज हे दुसरं.

त्याच दुपारी समोरचे शिंपीकाका आले. गळ्यात टेप, ओठांत टाचणी. टाचणी काढून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही जिवंत आहात का, ते बघायला पाठवलंय मला."

"कोणी?"

"चिरंजिवांनी. 'पार्सल पोहोचलं नाही' एवढाच मेसेज गेला त्यांना, तोही दुसऱ्यांदा. आई दाराशी येऊ शकत नाही, म्हणाले. शनिवारी येतायत. तिकडे तुमच्यासाठी खोली तयार केलीय, आणि या घराला भाडेकरू बघा म्हणून मलाच सांगितलंय!"

सिस्टर खुर्चीत बसल्या. ज्या घरात पुन्हा चालायला शिकल्या, तेच घर त्या खोक्यांपायी हातचं जायला निघालं होतं. मग हसल्या. "काका, भाडेकरू बघू नका. शनिवारी चहाला या."

शनिवारी मुलगा आला तो भली मोठी रिकामी बॅग घेऊन. उंबऱ्यातच सुरू झाला.

"आई, दोन महिने दार उघडलं नाहीस तू!"

"कोण म्हणतं? उघडलं, पाणी पाजलं, वर हाडांवर फुकटचा सल्लाही दिला. आधी आत ये, बूट काढ. आणि मला सांग, तू बंद केलं होतंस ना? दाखव बघू काय बंद केलंस ते."

मुलाने फोन काढला. शिंपीकाका चहाचा कप घेऊन मागून डोकावले. खात्यात सबस्क्रिप्शनचं पान उघडलं, तर एकेक वस्तू ओळीने मांडलेली आणि प्रत्येकीखाली पुढची तारीख. सिस्टरनी चष्मा सारखा केला.

"हे 'या वेळी वगळा' म्हणजे काय रे?"

"तेच तर दाबलं होतं मी."

"अरे राजा! म्हणजे तू एक डोस चुकवलास. औषध चालूच." आणि मग त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "आणि मी तरी काय केलं? गोळी तोंडातून बाहेर काढली आणि वाटलं, औषध थांबलं. आयुष्यभर पोरींना बजावलं, पेशंटने गोळी नाकारली तरी औषध बंद होत नाही, बंद करणाऱ्याने बंद लिहावं लागतं. नाहीतर पुढच्या पाळीची नर्स पुन्हा गोळी घेऊन उभी! घरी आल्यावर मीच विसरले."

"मायलेक दोघंही एकाच वर्गात नापास," शिंपीकाका म्हणाले.

"तुम्ही चहा प्या. बाळा, खातं तुझं, तेव्हा तुलाच करावं लागेल. कर रद्द."

मुलाचा अंगठा फोनवर तसाच थांबला. आवाज एकदम लहानपणीचा झाला. "आई, ते 'पोहोचलं' असं आलं ना, की मला कळायचं, तू उठलीस, चाललीस, दार उघडलंस. तेवढंच कळायचं."

"मग फोन कर की."

"फोनवर तू नेहमी बरीच असतेस. हाड मोडलं होतं तेव्हाही बरीच होतीस."

ते खरं होतं, हे सिस्टरना ठाऊक होतं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "कबूल. ती माझी खोड. यापुढे दुखलं की दुखतंय म्हणेन. पण बाबा, मी चालते की नाही हे खोक्याला नको विचारूस. रद्द कर, मग मीच दाखवते."

त्याने तांदळावर बोट ठेवलं. साइट लगेच विचारू लागली: रद्द केलं तर सवलत जाईल, दोन महिन्यांनी पाठवू का, तीन महिन्यांनी पाठवू का?

"फेरीवाल्यापेक्षा चिकट आहे ही," सिस्टर म्हणाल्या. "खाली जा. रद्दच."

तांदूळ गेला. मग डाळ, चहा, साबण. एकेक वस्तू वेगळी रद्द करावी लागली. शेवटी फरशीचं औषधही गेलं. मुलगा फोन ठेवणार, तोच सिस्टर म्हणाल्या, "आणि जे आधीच बांधायला घेतलंय, ते?"

"ते... थांब." त्याने ऑर्डर्सचं पान उघडलं. खरंच, चहाची एक ऑर्डर सबस्क्रिप्शनमधून आधीच नोंदली गेली होती. सबस्क्रिप्शन रद्द झालं तरी ती थांबली नव्हती. अजून पाठवली नव्हती, म्हणून वेगळी रद्द करता आली.

"पावती?"

"मेल आलीय सगळ्यांची. ही बघ."

सिस्टरनी एकेक वाचली, मगच मान हलवली. नंतर उठून पिशवी घेतली आणि चपला घातल्या.

"मी येतो सोबत," मुलगा उठला.

"तू इथेच बसायचं. काका, याला धरून ठेवा."

दोघं खिडकीशी उभे राहिले. सिस्टर जिना उतरून गल्लीत आल्या, एका हौदाला वळसा घातला, कोपऱ्यावर दिसेनाशा झाल्या. मुलाने ओठ चावले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडे दुकानाचा गलका, तराजूची खणखण आणि वाण्याचा खणखणीत आवाज: "सिस्टर, तांदूळ एकच किलो का नेताय? मुलगा आलाय ना!"

"ऐकलंस?" सिस्टरचा आवाज. श्वास अजिबात चढलेला नाही. "इथून बोलतेय. तांदूळ जाड आणू की बारीक?"

"बारीक," मुलगा म्हणाला, आणि डोळे पुसले.

"आणि उद्या येणार होते ना मी तुझ्याबरोबर?"

त्याने रिकामी बॅग पायाने बाजूला सारली. "नाही. तू राहा इथेच. मीच येत जाईन."

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. मुलगा धावत खाली गेला आणि दोन्ही हात पुढे केले. सिस्टर अर्ध्या जिन्यात थांबल्या. पिशवीचा एक बंद त्याच्या हातात दिला, दुसरा स्वतःच्या मुठीत ठेवला.

"ही बाजू तू धर," त्या म्हणाल्या, "आणि गुडघ्यांत वाक."